नो-कॉस्ट ईएमआय: व्याज शून्य झालेले नसते, दुसऱ्या रकान्यात गेलेले असते

फोनची किंमत ४८,००० रुपये, हप्ते बारा, प्रत्येक हप्ता ४,००० रुपयांचा. बारा चोक अठ्ठेचाळीस. हिशेब तोंडी जुळतो आणि जुळला की गिऱ्हाईक पुढचे काही विचारत नाही. बँक वर्षभर ४८,००० रुपये फुकट का वापरू देईल, हा साधा प्रश्न त्या गुणाकाराखाली दबून जातो.

बँक फुकट देतच नाही. 'शून्य टक्के व्याज' ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सुनावले होते. तेव्हा क्रेडिट कार्डांवरच्या शून्य टक्के योजनांमध्ये व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली ग्राहकाकडून वसूल होत होते. त्यानंतर योजनांचे नाव बदलले. 'झिरो पर्सेंट' जाऊन 'नो-कॉस्ट' आले आणि मागची रचनाही थोडी बदलली. व्याज आता उघडपणे लावले जाते आणि तेवढीच रक्कम आधी सूट म्हणून वजा केली जाते. तक्रार या रचनेबद्दल नाही. तक्रार नावाबद्दल आहे, कारण त्या नावामुळे ग्राहक तुलना करायचेच सोडून देतो.

क्रेडिट कार्डावरच्या व्यवहारात नेमके काय घडते ते बघू. बँकेचा ईएमआयचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरा. कार्डांवर हा दर साधारण याच्या आसपास असतो. दरमहा ४,००० रुपयांचे बारा हप्ते १५ टक्क्यांनी भरायचे, तर मूळ कर्ज ४४,३१७ रुपयांचेच असायला हवे. म्हणून ४८,००० मधून ३,६८३ रुपये 'व्याजाची सूट' म्हणून सुरुवातीलाच कमी होतात, कार्डावर ४४,३१७ चढतात आणि वर्षभरात त्यावर ३,६८३ रुपये व्याज लागते. सूट आणि व्याज एकमेकांना खाऊन टाकतात. ही सूट बँक स्वतःच्या खिशातून देत नाही. ती फोन बनवणारी कंपनी किंवा विक्रेता बँकेला भरून देतो, आणि या धंद्यात त्याला सबव्हेन्शन म्हणतात.

इथवर ग्राहकाचे काही जात नाही. जाते ते याच्या पुढे. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो आणि सूट देणारा फक्त व्याज भरतो, त्यावरचा कर भरत नाही. ३,६८३ चे १८ टक्के म्हणजे ६६३ रुपये. हे एकदम दिसत नाहीत. पहिल्या महिन्यात सुमारे १०० रुपये, मग दर महिन्याला थोडे कमी, शेवटच्या महिन्यात ९ रुपये, असे स्टेटमेंटात विखुरलेले असतात. कंपनीने शून्यावर आणलेले व्याज सरकारच्या लेखी खरे असते, यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा? त्यात १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरला की आणखी २३५ रुपये. एकूण ८९८ रुपये.

४८,००० वर ८९८ म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. पण वर्षभर आपल्याकडे पूर्ण ४८,००० चे कर्ज नसते. दर महिन्याला ४,००० फिटत जातात आणि सरासरी थकबाकी २६,००० रुपयांची राहते. त्यावर ८९८ म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे स्वस्त कर्ज आहे; या दराने वैयक्तिक कर्ज कुठलीही बँक देणार नाही. नो-कॉस्टला सरसकट लुबाडणूक म्हणणारे इथे चुकतात. खर्च एवढाच असेल आणि हातात पैसे नसतील, तर हप्ते घेणे शहाणपणाचे आहे. पैसे असूनही हप्ते घेण्यात मात्र फारसे हाती लागत नाही. तेच पैसे अडीच-तीन टक्के देणाऱ्या बचत खात्यात पडून राहिले तर वर्षाचे व्याज ६५० ते ७८० रुपये होईल, म्हणजे ८९८ सुद्धा भरून निघणार नाहीत. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवून हप्त्यागणिक काढले तर सुमारे १,६९० रुपये मिळतील, त्यातून प्राप्तिकर आणि हे ८९८ रुपये जातील आणि काही शे रुपये उरतील. त्यासाठी बारा तारखा सांभाळायच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोठा खर्च मात्र या ८९८ मध्ये नसतोच आणि तो कुठल्याच स्टेटमेंटवर छापला जात नाही. तो म्हणजे रोखीने किंवा एकरकमी घेतले असते तर मिळाली असती ती सवलत. समजा याच फोनवर एकरकमी पैसे देणाऱ्याला २,५०० रुपये कमी करून मिळतात आणि हप्तेवाल्याला मिळत नाहीत. मग फोनची खरी किंमत ४५,५०० आहे आणि ४८,००० हा उधारीचा भाव आहे. हप्ते घेणाऱ्याचा जादा खर्च ८९८ नाही, ३,३९८ रुपये आहे.

हा खर्च वार्षिक टक्क्यांत मांडला की त्याचे खरे रूप दिसते. त्यासाठी कागद-पेन्सिलीचे एक गणित पुरे होते. जादा जाणारे सगळे पैसे एकत्र करा आणि त्यांना २४ ने गुणा. मग एकरकमी भावाला हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून शंभरने गुणले की वार्षिक दर अंदाजे मिळतो.

```
वार्षिक दर % = जादा खर्च × २४ × १०० ÷ (एकरकमी भाव × (हप्ते + १))
```

बारा हप्त्यांसाठी ३,३९८ ला २४ ने गुणून ४५,५०० आणि १३ यांच्या गुणाकाराने भागले की १३.८ टक्के येतात. संगणकावर काटेकोर काढलेला दर याच्या अगदी जवळ, १३.६ टक्के येतो. दुकानात उभ्या उभ्या ठरवायला एवढा नेमकेपणा पुरतो. म्हणजे सबव्हेन्शनने शून्यावर आणलेले १५ टक्के व्याज दुसऱ्या दाराने बहुतेक सगळे परत आले.

आता याच फोनवर सहा आणि तीन हप्त्यांचा पर्याय बघा, कारण बहुतेकांची समजूत इथे उलटी असते. कमी महिन्यांचे कर्ज म्हणजे कमी बोजा, असे वाटते. सहा हप्त्यांत व्याजावरचा जीएसटी आणि फी मिळून ६०१ रुपये होतात, तीन हप्त्यांत ४४७. रुपयांत खर्च कमी होतो, हे खरे. पण हातची २,५०० रुपयांची सवलत दोन्हीकडे पूर्णच जाते. सहा हप्त्यांना दर २३ टक्क्यांच्या वर जातो आणि तीन हप्त्यांना जवळजवळ ३९ टक्के. तीन महिन्यांसाठी पैसे वापरायला मिळावेत म्हणून २,५०० रुपये सोडून देणे म्हणजे सावकारी दराने कर्ज घेणे आहे. फक्त सावकार समोर दिसत नाही. तीन महिन्यांत पैसे जमणार असतील तर फोन तीन महिन्यांनी घ्यावा. किंवा कार्डावर एकरकमी घेऊन बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत वापरावी. ती खरोखर बिनव्याजी असते, अट एवढीच की आधीची थकबाकी नसावी आणि बिल पूर्ण भरावे.

सवलत हप्तेवाल्यालाही मिळते की नाही, ही बाब ऑफरनुसार बदलते, आणि सगळा निकाल तिच्यावरच लागतो. म्हणून भाव दोनदा काढावा. ऑनलाइन खरेदीत पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत दोनदा जावे: एकदा एकरकमी पर्याय निवडून, एकदा नो-कॉस्ट निवडून. शेवटची रक्कम दोन्ही वेळा लिहून घ्यावी. वस्तूच्या पानावर झळकणारी बँक ऑफर या शेवटच्या पानावर कधी गायब होते, कधी तिची रक्कम बदलते. उलट प्रकारही घडतो: काही सवलती फक्त ईएमआयवरच असतात आणि त्या वेळी हप्ते घेणेच फायद्याचे ठरते. जुना फोन देऊन मिळणारा एक्स्चेंज बोनस आणि कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट यांचेही तसेच. ईएमआयच्या व्यवहारावर पॉइंट न देणारी कार्डे बरीच आहेत. एरवी एका टक्क्याचे पॉइंट मिळत असतील तर त्याचे ४८० रुपयेही जादा खर्चात धरायला हवेत.

दुकानात काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच: "हप्ते नकोत, आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" हा प्रश्न हप्त्यांचे बोलणे सुरू होण्याआधी विचारावा. फायनान्सचा कागद भरायला घेतल्यावर भाव हलत नाही. व्याजाचा भार विक्रेता स्वतः उचलत असेल, तर कर्ज देणारी कंपनी त्याला पूर्ण किंमत देत नाही, आपला वाटा कापून देते. रोखीच्या गिऱ्हाइकामागे ती कपात वाचते, म्हणून त्याला भाव उतरवायला जागा असते. भार वस्तू बनवणारी कंपनी उचलत असेल तर विक्रेत्याच्या हातात काही नसते आणि रोखीचा भावही तोच राहतो. भाव एका रुपयानेही हलत नसेल, चार दुकानांत आणि ऑनलाइनही तोच असेल, तर नो-कॉस्ट बहुधा नावाच्या जवळपास आहे असे समजायला हरकत नाही. दीड-दोन हजार सहज उतरत असतील, तर हप्तेवाला तेवढे व्याज देतो आहे.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या दुकानांत कार्डाऐवजी फायनान्स कंपनीचे कर्ज जास्त चालते आणि तिथे वेगळी गोम आहे. अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, फक्त फीवर असतो. हा फरक ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण फी कार्डापेक्षा बरीच जास्त असू शकते, आणि काही हप्ते काउंटरवरच आगाऊ घेतले जातात. विक्रेता सांगतो 'बारा महिन्यांची स्कीम', कागदावर असते '१२/४'. याचा अर्थ बारापैकी चार हप्ते आजच द्यायचे.

समजा फ्रिज ४८,००० चा आहे आणि रोखीत ४६,००० ला मिळतो. स्कीममध्ये आज १६,००० रुपये द्यायचे, त्यासोबत ७०० रुपये फी आणि जीएसटी मिळून ८२६ रुपये, आणि पुढे आठ महिने ४,००० रुपये. जादा खर्च २,८२६ रुपये. हा खर्च ४६,००० च्या बारा महिन्यांच्या कर्जावर मोजला तर दर ११ टक्क्यांच्या आसपास दिसेल. पण ४६,००० चे कर्ज कोणी दिलेलेच नाही. रोखीच्या भावातले १६,००० आपण पहिल्याच दिवशी भरले. उधार घेतले ते ३०,०००, आणि तेही आठच महिन्यांसाठी. वरच्या सूत्रात ३०,००० आणि ८ घातले की दर निघतो २५ टक्के. आगाऊ हप्ता देऊन कर्ज कमी होते, पण फी आणि गेलेली सवलत तेवढीच राहते. म्हणून आगाऊ हप्ते असतील तेव्हा ती रक्कम रोखीच्या भावातून आधी वजा करायची आणि राहिलेले हप्तेच मोजायचे. हे न करण्याची चूक सर्रास होते.

या कर्जाच्या बाबतीत ग्राहकाच्या हाती एक चांगला कागद आला आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. त्यात फी वगैरे धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही किंवा ओटीपी देण्याआधी हा कागद मागावा. त्यात विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, कार्डाची फी असल्या ओळी शिरल्या आहेत का ते पाहावे आणि नको ती काढायला लावावी. मात्र एपीआर कमी दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. रोखीत सुटले असते ते २,००० रुपये कर्ज देणाऱ्याच्या हिशेबात येतच नाहीत, त्यामुळे ते एपीआरमध्येही नसतात.

क्रेडिट कार्डाची येणी या परिपत्रकातून वगळली आहेत. तिथे कार्डांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे वेगळे निर्देश लागू होतात. ईएमआय करण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायचे, तेच कार्डाच्या बिलातही वेगळे दाखवायचे आणि व्याज असलेला ईएमआय शून्य व्याजाचा म्हणून खपवायचा नाही, असे त्यांत म्हटले आहे. नियम चांगला आहे, पण तो कर्ज देणाऱ्यावर आहे. दुकानातल्या फलकावर आणि वस्तूच्या पानावर 'नो-कॉस्ट' हे दोन शब्द ठळक राहतात आणि रोखीचा भाव त्यांच्या शेजारी कुठेच नसतो. ग्राहकाला नेमका तोच आकडा हवा असतो. हप्त्याच्या आकड्याएवढ्याच टाइपात एकरकमी भाव छापायची सक्ती झाली, तर वरची सगळी गणिते करायची वेळच येणार नाही. विक्रेत्यांची यावर हरकत अशी असते की रोखीचा भाव गिऱ्हाइकागणिक ठरतो, तो छापता येत नाही. मग ४८,००० हा आकडा तरी कशाच्या आधारावर छापतात?

व्यवहार झाल्यानंतर काय बिघडू शकते, तेही खर्चात येते. सर्वांत महाग चूक म्हणजे बिल अर्धवट भरणे. कार्डाच्या बिलात महिन्याचा हप्ता इतर खरेदीत मिसळलेला असतो. एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरले नाही, तर उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार लागतो आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. असे दोन महिने गेले की पंधरा टक्क्यांचे सबव्हेन्शन मिळाले होते हे आठवण्यात काही अर्थ उरत नाही. फायनान्स कंपनीच्या कर्जात हप्ता थेट खात्यातून जातो. खात्यात पैसे नसले तर कंपनी बाउन्स चार्ज लावते आणि बँक वेगळा दंड घेते.

वस्तू परत केली तर विक्रेता ४४,३१७ रुपये कार्डावर परत पाठवतो. पण तोवर लागलेले व्याज, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत येत नाही. शिवाय पैसे जमा झाले म्हणून ईएमआय आपोआप बंद झालाच असेल असे नाही. बँकेला कळवून तो रद्द करून घ्यावा आणि पुढच्या बिलात हप्ता आला नाही ना, हे पाहावे.

मुदतीआधी कर्ज फेडण्याबद्दल मात्र उगाच भीती असते. अनेक बँका उरलेल्या मुद्दलावर ३ टक्के आणि वर जीएसटी घेतात. आपल्या फोनचे सहा हप्ते भरल्यावर मुद्दल उरते २२,९८४ रुपये, त्यावरचा आकार ८१४ रुपये. पुढचे व्याज आणि जीएसटी मिळून १,१९९ रुपये वाचतात. व्याजाची सूट तर पहिल्याच दिवशी मिळालेली असते, त्यामुळे लवकर फेडणारा ३८५ रुपयांनी फायद्यात राहतो. हे गणित सूट आधी वजा झाली असेल तरच चालते. काही ऑफरमध्ये कर्ज पूर्ण ४८,००० चे होते, हप्ता ४,३३२ चा बसतो आणि व्याजाएवढा कॅशबॅक काही महिन्यांनी येतो. अशा ऑफरमध्ये जीएसटी ७१८ रुपयांपर्यंत जातो, आणि मध्येच कर्ज बंद केले तर कॅशबॅक बुडण्याचा धोका राहतो.

म्हणून पहिले बिल आले की तीन गोष्टी पडताळाव्यात: कार्डावर चढलेली मूळ रक्कम ४४,३१७ आहे की ४८,०००, व्याज आणि जीएसटी वेगळ्या ओळीत आहेत का, आणि कबूल केल्यापेक्षा जास्त फी लागली आहे का. आकडे जुळले नाहीत तर खरेदीच्या वेळच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर तीच तक्रार cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क करता येते.